विश्लेषण : डिस्क ठणठणीत, तरी फाइल खराब, रेड-५ मधले ‘राइट होल’ म्हणजे काय?

लिनक्सवर बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम वापरून कोणी आज रेड-५ रचना तयार करायला गेले, तर स्क्रीनवर एक इशारा येतो. या प्रकारात माहीत असलेल्या अडचणी आहेत, चाचणीपलीकडे तो वापरू नका, असा त्याचा अर्थ. ही सुविधा लिनक्समध्ये २०१३ मध्ये आली. इतकी वर्षे उलटूनही इशारा कायम आहे आणि त्यामागच्या कारणांपैकी एकाचे नाव आहे ‘राइट होल’.

हा प्रश्न एकट्या बीटीआरएफएसचा नाही. रेड-५ ज्या तत्त्वावर चालते, त्या तत्त्वातच तो दडलेला आहे. फोटो स्टुडिओ, सीएचे ऑफिस, छोटे रुग्णालय किंवा घर अशा अनेक ठिकाणी आता तीन-चार डिस्कचे नास असते. ‘एक डिस्क गेली तरी माहिती जात नाही’ या भरवशावर ते घेतलेले असते. पण लिहिण्याचे काम सुरू असताना लाइट गेली, तर तो भरवसा नेमका कुठे तुटू शकतो आणि तुटल्याचे लगेच कळत का नाही, हे समजून घ्यायला हवे.

रेड-५ मध्ये माहिती कशी ठेवली जाते?

अनेक स्वस्त डिस्क एकत्र करून एक मोठी, भरवशाची डिस्क तयार करायची, ही कल्पना बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मधील निबंधात मांडली. त्यातले पाच प्रकार क्रमांकाने ओळखले जातात. पाचव्या प्रकारात माहितीचे तुकडे वेगवेगळ्या डिस्कवर ठेवतात आणि दर ओळीमागे एक जादा तुकडा ठेवतात. ओळीला स्ट्राइप म्हणतात आणि जादा तुकड्याला पॅरिटी.

पॅरिटी म्हणजे हिशेबाची बेरीज जुळवण्यासारखा प्रकार आहे. फक्त इथे आकडे शून्य आणि एक असे दोनच असतात आणि नियम एकच : उभ्या रांगेत एकांची संख्या सम झाली पाहिजे. ती आधीच सम असेल तर पॅरिटी शून्य, विषम असेल तर एक.

समजा एका फोटो स्टुडिओत चार डिस्कचे नास आहे. त्यातल्या एका स्ट्राइपमध्ये पहिल्या डिस्कवर जुन्या लग्नाच्या फोटोचा तुकडा आहे, दुसरीवर हिशेबाच्या फाइलचा आणि तिसरीवर एका व्हिडिओचा. प्रत्यक्षात हे तुकडे बरेच मोठे असतात. लिनक्सच्या `mdadm` या साधनात एक तुकडा मुळात ५१२ किलोबाइटचा धरला जातो. इथे सोयीसाठी चारच बिट घेऊ.

- डिस्क १ (लग्नाचा फोटो) : १०११
- डिस्क २ (हिशेब) : ०११०
- डिस्क ३ (व्हिडिओ) : ११००
- डिस्क ४ (पॅरिटी) : ०००१

आता पहिली डिस्क बंद पडली, तर उरलेल्या तीन ओळींवरून ती परत काढता येते. दुसरी, तिसरी आणि पॅरिटी यांच्या प्रत्येक उभ्या रांगेत एकांची संख्या सम व्हायला काय लागेल ते पाहायचे. उत्तर १०११ येते, म्हणजे फोटो जसाच्या तसा. रेड-५ ची सगळी हमी एवढ्यावर उभी आहे. प्रत्यक्षात पॅरिटी एकाच डिस्कवर साचू नये म्हणून ती स्ट्राइपगणिक पाळीपाळीने वेगवेगळ्या डिस्कवर ठेवली जाते, पण हिशेब हाच.

छोटासा बदल करायला चार कामे का करावी लागतात?

आता हिशेबाच्या फाइलमध्ये बदल झाला आणि दुसऱ्या डिस्कवरचा तुकडा ०११० वरून ००११ करायचा आहे. साध्या डिस्कवर हे एका लेखनात झाले असते. रेड-५ मध्ये मात्र पॅरिटीही बदलावी लागते, नाहीतर हिशेब जुळणार नाही.

त्यासाठी संगणक जुना तुकडा वाचतो, जुनी पॅरिटी वाचतो, दोन्हींवरून नवी पॅरिटी काढतो आणि मग नवा तुकडा दुसऱ्या डिस्कवर व नवी पॅरिटी चौथ्या डिस्कवर लिहितो. दोन वाचने आणि दोन लेखने. आपल्या उदाहरणात नवी पॅरिटी ०१०० येते. पहिली आणि तिसरी डिस्क या सगळ्यात कुठेच नाही, त्यांना हातही लागत नाही.

अडचण शेवटच्या दोन लेखनांत आहे. ती दोन वेगळ्या डिस्कवर होतात. प्रत्येक डिस्कचे स्वतःचे फिरणे, स्वतःची रांग आणि स्वतःची तात्पुरती मेमरी असते. दोन्ही लेखने एकतर पूर्ण होतील किंवा एकही होणार नाही, अशी खात्री देणारी कोणतीही यंत्रणा दोन डिस्कच्या मध्ये नाही. एक आधी पूर्ण होते आणि दुसरे काही मिलिसेकंदांनी. या मधल्या फटीला ‘राइट होल’ म्हणजे लेखनातले भोक म्हणतात.

नेमकी त्या फटीत लाइट गेली तर?

दुसऱ्या डिस्कवर नवा तुकडा ००११ लिहून झाला, पण पॅरिटी लिहिण्याआधी वीज गेली असे धरू. स्ट्राइपमध्ये आता हे आहे :

- डिस्क १ : १०११
- डिस्क २ : ००११ (नवा)
- डिस्क ३ : ११००
- डिस्क ४ : ०००१ (जुनी पॅरिटी)

रांगा जुळत नाहीत. पण कोणतीही फाइल उघडली तरी ती बरोबरच दिसेल. फोटो उघडतो, हिशेबात नवा बदल दिसतो, व्हिडिओ चालतो. कारण सगळ्या डिस्क चालू असताना वाचताना पॅरिटीकडे कोणी पाहतच नाही. ती फक्त डिस्क गेल्यावर लागते.

समजा काही महिन्यांनी पहिली डिस्क खराब झाली आणि तोवर ही पॅरिटी दुरुस्त झालेली नाही. नवी डिस्क लावली आणि संगणकाने नेहमीप्रमाणे उरलेल्या तिघींवरून पहिलीचा मजकूर काढला. ००११, ११०० आणि ०००१ यांच्यावरून उत्तर येते १११०. खरा फोटो होता १०११. पुनर्बांधणी यशस्वी झाल्याचा संदेश येतो आणि फोटो मात्र बिघडलेला असतो.

उलट क्रम झाला असता, म्हणजे पॅरिटी आधी लिहिली गेली आणि हिशेबाचा तुकडा जुनाच राहिला, तरी सुटका नव्हती. ०११०, ११०० आणि ०१०० यांच्यावरून पुन्हा तेच चुकीचे १११० येते. म्हणजे लेखनाचा क्रम बदलून हा प्रश्न सुटत नाही.

चूक न लिहिलेल्या फाइलमध्येच का उमटते?

राइट होलची सगळ्यात त्रासदायक बाजू हीच आहे. लाइट गेली तेव्हा लिहिली जात होती हिशेबाची फाइल. बिघडला तो लग्नाचा फोटो, ज्याला कित्येक वर्षांत कोणी हात लावला नव्हता. त्याचा दोष एवढाच, की तो त्या स्ट्राइपमध्ये शेजारी होता.

अचानक वीज गेल्यावर आपण शेवटी उघडलेली फाइल तपासतो. ती ठीक असेल तर निश्चिंत होतो. इथे ती तपासणी काहीच सांगत नाही. खरा आणि चुकीचा तुकडा यांत जो फरक पडतो, तो हिशेबाच्या जुन्या आणि नव्या तुकड्यातल्या फरकाइतकाच असतो. आपल्या उदाहरणात दुसरे आणि चौथे बिट उलटले आहेत, आणि हिशेबात बदललेली बिटेही तीच होती. म्हणजे एका फाइलमधला बदल दुसऱ्या फाइलवर उमटतो.

रेड-१ मध्ये, म्हणजे दोन डिस्कवर एकच प्रत ठेवण्याच्या पद्धतीत, लाइट गेल्यावर दोन प्रतींत तफावत पडू शकते. पण ती ज्या जागी लेखन सुरू होते तिथेच पडते, शेजारच्या जुन्या फाइलला धक्का लागत नाही. दोन डिस्क गेल्या तरी तग धरणारी रेड-६ मात्र या बाबतीत रेड-५ च्याच पंगतीत बसते, कारण तिथेही पॅरिटी आणि माहिती वेगवेगळी लिहिली जाते. उलट तिथे एकाऐवजी दोन पॅरिटी जुळवाव्या लागतात.

डिस्कला किंवा फाइल सिस्टिमला हे कळत का नाही?

प्रत्येक डिस्क आपापल्या सेक्टरसोबत चूक ओळखण्याचा कोड ठेवते. पण इथे कोणताही सेक्टर खराब झालेला नाही. दुसऱ्या डिस्कवरचा तुकडा पूर्ण लिहिला गेला आहे आणि चौथ्या डिस्कवरची जुनी पॅरिटीही जशी होती तशी शाबूत आहे. दोन्ही डिस्क आपापल्या परीने बरोबर आहेत. त्यामुळे डिस्कचा ‘स्मार्ट’ अहवालही स्वच्छ येतो. चूक डिस्कमध्ये नाही, दोन डिस्कच्या नात्यात आहे, आणि ते नाते तपासण्याचे काम डिस्कचे नाही.

ईएक्सटी४ सारख्या फाइल सिस्टिमकडे जर्नल असते. अर्धवट राहिलेले बदल लाइट आल्यावर ती त्यावरून सावरून घेते. पण जर्नलमध्ये नोंद असते ती तिने स्वतः केलेल्या बदलांची. लग्नाच्या फोटोत तिने काही बदल केलाच नव्हता, त्यामुळे त्याची नोंद तिथे असण्याचे कारण नाही. शिवाय पॅरिटी हा खालच्या थराचा मामला आहे. वरच्या फाइल सिस्टिमला एकच मोठी डिस्क दिसते, पॅरिटी दिसतच नाही.

मग लाइट आल्यावर संगणक काहीच करत नाही का?

करतो, आणि म्हणूनच प्रत्येक वेळी लाइट गेली की माहिती बिघडते असे होत नाही. लिनक्समध्ये रेडचे काम ‘एमडी’ हा भाग पाहतो. लेखन सुरू होण्याआधी तो डिस्कसंचावर ‘अस्वच्छ’ अशी खूण करतो आणि काम शांत झाल्यावर ती काढतो. संगणक अचानक बंद पडला तर खूण तशीच राहते. पुन्हा सुरू झाल्यावर एमडी ती पाहतो आणि डिस्कवर जे आहे ते खरे मानून पॅरिटी नव्याने काढतो. याला रीसिंक म्हणतात. आपल्या उदाहरणात तो ००११ हाच हिशेब खरा मानून पॅरिटी ०१०० करील आणि भोक बुजेल.

या कामाला वेळ लागतो. आठ टेराबाइटची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइट वेगाने पूर्ण वाचायची तर सुमारे १५ तास जातात. ते वाचवण्यासाठी ‘बिटमॅप’ असतो. अलीकडे कोणत्या भागात लेखन झाले याची ती यादी असते आणि लाइट आल्यावर तेवढेच भाग तपासले जातात. मग तासांचे काम मिनिटांवर येते. `mdadm` ने संच तयार करताना हा बिटमॅप जोडता येतो.

बिटमॅपमुळे फट लवकर बुजते, पण ती नाहीशी होत नाही. रीसिंक पूर्ण होण्याआधी एखादी डिस्क गेली किंवा तिचा एखादा सेक्टर वाचता आला नाही, तर न जुळणाऱ्या पॅरिटीवरूनच मजकूर काढावा लागतो. लाइट जाण्या-येण्याचा धक्का जुन्या डिस्कला सोसत नाही, असे पुष्कळदा घडते. त्यामुळे या दोन घटना एकमेकींपासून अगदी स्वतंत्र आहेत असे मानता येत नाही.

सर्वाधिक धोका कोणत्या परिस्थितीत असतो?

एक डिस्क आधीच गेली आहे, नवी मागवली आहे, तोवर उरलेल्या तिघींवर काम सुरू आहे आणि अशात लाइट गेली, ही परिस्थिती सर्वांत वाईट. इथे पहिल्या डिस्कवरचा फोटो प्रत्यक्ष कुठेच नाही. तो फक्त बाकीच्या तीन तुकड्यांच्या हिशेबातून ‘अस्तित्वात’ आहे. त्या तीनपैकी एक तुकडा नवा आणि पॅरिटी जुनी झाली, की फोटो त्याच क्षणी बदलला. रीसिंक करायला मूळ प्रतच उरलेली नाही.

एमडीला हे माहीत आहे. म्हणून एक डिस्क कमी आणि वर ‘अस्वच्छ’ खूण अशा अवस्थेतला संच तो सुरू करायलाच नकार देतो. तेव्हा लॉगमध्ये अशी ओळ दिसते :

```
md/raid:md0: cannot start dirty degraded array.
```

अनेकांना ही बिघाडाची ओळ वाटते आणि ते इंटरनेटवर शोधून `--force` हा पर्याय देतात. संच सुरू होतो, फाइल्स दिसतात आणि प्रश्न सुटला असे वाटते. प्रत्यक्षात त्या आदेशाचा अर्थ ‘काही तुकडे चुकीचे असू शकतात हे मान्य आहे, तरी पुढे जा’ असा होतो. कोणते तुकडे चुकीचे, हे त्यानंतर संच सांगू शकत नाही. म्हणून जबरदस्तीने सुरू करण्याआधी उरलेल्या प्रत्येक डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा दुसरीकडे उतरवून ठेवणे आणि नंतर फाइल्स बॅकअपशी ताडून पाहणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

हे भोक बुजवण्याचे उपाय कोणते?

मोठ्या सर्व्हरमध्ये पूर्वीपासून वापरला जाणारा उपाय म्हणजे स्वतःची मेमरी आणि बॅटरी असलेले रेड कार्ड. लेखन आधी कार्डच्या मेमरीत जाते. लाइट गेली तर बॅटरी ती मेमरी जिवंत ठेवते, आणि वीज आल्यावर राहिलेली लेखने पूर्ण होतात. नव्या कार्डांत मेमरीतला मजकूर फ्लॅशवर उतरवण्यापुरती वीज साठवणारे कपॅसिटर असतात. बॅटरी मात्र म्हातारी होते. ती संपल्याचा इशारा कोणी पाहिला नाही, तर संरक्षण कागदावरच राहते.

दुसरा उपाय २०१६ च्या सुरुवातीला आलेल्या लिनक्स ४.४ पासून उपलब्ध आहे. वेगळ्या एसएसडीवर एक जर्नल ठेवायचे. माहिती आणि पॅरिटी दोन्ही आधी तिथे लिहायची आणि मगच खऱ्या डिस्कवर. लाइट गेली तर जर्नल वाचून काम पुरे करायचे. यात प्रत्येक गोष्ट दोनदा लिहावी लागते, आणि ती एसएसडीच बंद पडली तर संच फक्त वाचण्यापुरता उरतो.

तिसरा उपाय २०१७ मधल्या लिनक्स ४.१२ सोबत आला. त्याचे नाव ‘पार्शल पॅरिटी लॉग’, थोडक्यात पीपीएल. यात वेगळी डिस्क लागत नाही. लेखनाआधी, ज्या तुकड्यांना हात लागणार नाही तेवढ्यांचीच पॅरिटी काढून ती पॅरिटीच्या डिस्कवरील राखीव जागेत नोंदवली जाते. आपल्या उदाहरणात हात न लागणारे तुकडे म्हणजे १०११ आणि ११००. त्यांची अर्धी पॅरिटी येते ०१११.

आता लाइट गेली आणि नेमकी पहिली डिस्कही गेली असे धरू. अर्धी पॅरिटी ०१११ आणि व्हिडिओचा तुकडा ११०० यांच्यावरून १०११ मिळते. फोटो सुरक्षित. दुसऱ्या डिस्कवर जुने लिहिलेले आहे की नवे, याच्याशी या हिशेबाचा संबंधच राहत नाही. न लिहिलेल्या शेजाऱ्यांना लेखनाच्या भांडणातून बाहेर काढणे, एवढीच यातली युक्ती आहे.

पीपीएललाही मर्यादा आहेत. लिहिण्याचा वेग ३० ते ४० टक्क्यांपर्यंत घटू शकतो, असे लिनक्सचे दस्तऐवजच सांगतात. सुरुवातीला डिस्कची स्वतःची लेखन-कॅशही बंद ठेवावी लागत असे, नाहीतर नोंद डिस्कवर पोहोचल्याचा समज खोटा ठरू शकत असे. आणि हा उपाय फक्त गुपचूप होणारी नासाडी टाळतो. लाइट गेली त्या क्षणी लिहिला जात असलेला हिशेब मात्र जाऊ शकतो.

झेडएफएसला ही अडचण नाही, मग बीटीआरएफएसला का आहे?

सन मायक्रोसिस्टिम्सच्या झेडएफएसने २००५ मध्ये वेगळी वाट धरली. तिच्या ‘रेड-झेड’ या प्रकारात जुन्या स्ट्राइपवर पुन्हा लिहिलेच जात नाही. प्रत्येक लेखनासाठी, ते लहान असले तरी, स्वतःची पूर्ण स्ट्राइप आणि स्वतःची पॅरिटी रिकाम्या जागेत तयार होते. सगळे डिस्कवर पोहोचल्यावरच जुन्या जागेऐवजी नव्या जागेकडे बोट दाखवले जाते. मध्येच लाइट गेली तर अर्धवट स्ट्राइपकडे कोणाचेच बोट नसते, ती रिकामी जागा म्हणूनच राहते. जुनी माहिती आणि तिची पॅरिटी दोन्ही अभंग.

बीटीआरएफएसही जुन्या मजकुरावर न लिहिता नवी जागा घेते. पण तिच्या स्ट्राइपची रुंदी ठरलेली असते. स्ट्राइप अर्धी भरलेली असेल तर नवा मजकूर उरलेल्या रिकाम्या भागात जातो आणि आधीपासून असलेल्या मजकुराची पॅरिटी जागच्या जागी बदलावी लागते. तिथेच भोक परत उघडते. त्यातच लाइट गेल्यानंतर ती एमडीसारखी आपोआप रीसिंक करत नाही. ‘स्क्रब’ नावाची तपासणी वापरणाऱ्याने स्वतः चालवायची असते.

तिची जमेची बाजू म्हणजे चेकसम. मजकुराचा चेकसम आधीच नोंदलेला असल्याने चुकीचा फोटो बरोबर म्हणून हाती पडत नाही, वाचताना चूक दाखवली जाते. म्हणजे नुकसान होऊ शकते, पण ते मुकाट होत नाही. सिनॉलॉजीसारख्या कंपन्यांच्या नासमध्ये बीटीआरएफएस असते, पण डिस्क एकत्र करण्याचे काम तिच्या खालचा एमडी करतो. त्यामुळे सुरुवातीला सांगितलेला इशारा त्यांना जसाच्या तसा लागू होत नाही.

यूपीएस किंवा इन्व्हर्टर पुरेसा नाही का?

यूपीएसमुळे धोका बराच कमी होतो, पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. घरगुती इन्व्हर्टरमध्ये वीज गेल्यावर बॅटरीवर येईपर्यंत छोटा खंड पडतो. पंखा आणि दिवा तो सोसतात, संगणक कदाचित नाही. म्हणूनच अनेक इन्व्हर्टरवर संगणकासाठी वेगळा ‘यूपीएस मोड’ असतो. दुसरे म्हणजे, बॅटरी संपेपर्यंत नास चालूच राहिले तर लाइट जाणे फक्त पुढे ढकलले जाते. यूपीएसची यूएसबी केबल नासला जोडून, बॅटरी ठरावीक पातळीखाली आली की नीट बंद होण्याची सोय सुरू केलेली असावी लागते.

शिवाय फट उघडायला वीजच जावी लागते असे नाही. पॉवर सप्लाय जळणे, ऑपरेटिंग सिस्टिम कोलमडणे, अडकलेला संगणक कोणीतरी बटण दाबून बंद करणे, यांतले काहीही पुरते. त्यापुढे यूपीएसचा इलाज चालत नाही.

आपल्या संचात तफावत आहे का, हे कसे कळेल?

सगळ्या डिस्क चालू असतानाच हे तपासता येते. एक डिस्क गेली की पॅरिटी ताडून पाहायला काही उरत नाही. लिनक्सवर एमडीचा संच `md0` असेल तर प्रशासकाच्या अधिकाराने पहिला आदेश द्यायचा, तपासणी पूर्ण होऊ द्यायची आणि मग दुसरा द्यायचा :

```
echo check > /sys/block/md0/md/sync_action
cat /sys/block/md0/md/mismatch_cnt
```

तपासणी कुठवर आली हे `cat /proc/mdstat` दाखवते. शेवटी शून्य आले तर सर्व स्ट्राइप जुळतात. शून्याहून मोठा आकडा आला तर तेवढ्या सेक्टरच्या आसपास पॅरिटी आणि माहिती जुळत नाही. रेड-५ मध्ये असा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. डेबियनमध्ये ही तपासणी महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी, आपोआप चालण्याची सोय आहे. तयार नासमध्ये ती ‘डेटा स्क्रबिंग’ अशा नावाने सेटिंगमध्ये सापडते आणि वेळापत्रक बहुधा स्वतः लावावे लागते. संच कोणत्या पद्धतीने सांभाळला जातो, हे `mdadm --detail /dev/md0` या आदेशाच्या उत्तरात ‘Consistency Policy’ या ओळीत दिसते. तिथे `bitmap` किंवा `resync` असेल तर भोक उघडे आहे, `journal` किंवा `ppl` असेल तर ते बुजवलेले आहे.

तफावत सापडली तर `check` ऐवजी `repair` देता येते. पण दुरुस्ती म्हणजे काय, हे आधी समजून घ्यावे. एमडी डिस्कवरची माहिती खरी धरतो आणि तिच्यावरून पॅरिटी पुन्हा लिहितो. राइट होलमुळे तफावत पडली असेल तर हे योग्यच आहे, कारण फोटो अजून पहिल्या डिस्कवर जसाच्या तसा असतो. पण एखाद्या डिस्कनेच चुकीचा मजकूर दिला असेल, तर दुरुस्तीनंतर तोच चुकीचा मजकूर पॅरिटीसकट कायम होतो. दोहोंपैकी काय झाले, हे एका पॅरिटीवरून ओळखता येत नाही. ते सांगू शकते फक्त या संचाबाहेर ठेवलेली प्रत. त्यामुळे तफावतीचा आकडा दिसल्यावर पहिले काम दुरुस्तीचे नसून, बॅकअप शाबूत आहे का हे पाहण्याचे असते.